खैराची खुंटी

लाकूड नुसतं हुंगून ओळखणारा माणूस आमच्या घरात एकच होता, माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मग थोरल्या बहिणीचं, अक्काचं लग्न झालं आणि असे दोघं झाले. त्या दोघांत मी नव्हतो.

आम्ही सुतार. पौडाच्या पुढे रिह्याच्या खोऱ्यात आमचं घर. भातशेतीचा मुलूख, त्यामुळे नांगर, कुळवाची दिंडं, पाळणे, दाराच्या चौकटी अशी कामं. अक्का घाटाखाली दिली होती. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच दाजींचे आईवडील एकापाठोपाठ गेले. जवळचं कोणी उरलं नाही, तेव्हा आबांनी लेक-जावयाला वर बोलावून घेतलं. "हितं दोन हात कमीच हायेत," असं ते भावकीत सांगत. माझे दोन हात त्यांनी मोजलेच नव्हते की काय, कोण जाणे. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी मित्रांजवळ बोलून दाखवायचो. ते हसायचे. मी मात्र हसत नव्हतो.

दाजी वाईट असते तर माझं फार सोपं झालं असतं. ते कमी बोलायचे, मागच्या पंगतीला जेवायचे, मला 'मेव्हणं' म्हणायचे आणि चारचौघांत 'तुमी' म्हणायचे. पण एखादा ओंडका आला की ते खाली बसत, नखानं साल खरवडत, नाक लावत आणि म्हणत, "मामा, ह्यो पाण्याकडंला वाढलाय." आबांचा चेहरा उजळायचा. मी कळायला लागल्यापासून त्या चेहऱ्यासमोर रंधा मारला होता. तो तसा उजळलेला मी पाहिला नव्हता.

एकदा आबा त्यांना चुकून 'लेका' म्हणाले. चुकूनच असेल. पण त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि का जेवलो नाही ते कोणी विचारलंही नाही.

संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. मुळशी धरणाच्या पाण्याकाठी पुण्याच्या एका निवृत्त डॉक्टरांनी बंगला बांधला होता. बागेत, पाण्याकडे तोंड करून, त्यांच्या बाईंना बसायला बाक हवा होता. पहिला बाक त्यांनी पुण्याहून आणवला होता, हलक्या पांढऱ्या लाकडाचा. मुळशीचा पाऊस चार महिने उसंत देत नाही, आणि तो संपला की जमीन ओलसर असते तोवर वाळवी वर निघते. दोन पावसाळ्यांत त्या बाकाचा भुगा झाला. शेजारच्या बंगल्याच्या माळ्यानं सुचवलं, डांबर फासा. बाईंना दमा होता. डांबराच्या वासानं त्यांचा जीव घाबरायचा. वर उन्हात ते पाघळून लुगड्याला लागणार ते वेगळंच. डॉक्टर वाळवीच्या औषधालाही तयार नव्हते. "जिथं माणूस रोज दोन तास बसणार, तिथं मी विष ओतणार नाही. मिस्त्री, लाकूडच असं निवडा की वाळवीनं तोंड लावू नये," म्हणाले.

हे काम आबांकडे आलं. आबांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. घरी परत आल्यावर ते ओट्यावर टेकले आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

"बोला. कंचं लाकूड?"

"सागवान," मी दाजींना तोंड उघडू दिलं नाही. "सागाला वाळवी लागत न्हाई. शेंबड्या पोराला ठाऊक हाय."

आबांनी मान दाजींकडे वळवली.

"बसायच्या फळ्या सागाच्याच कराव्यात," दाजी म्हणाले. "पर गाभ्याच्या. पाय मातर खैराचं. पाऊस आन् वाळवी, दोघांचा मार पायावरच हाय. ऐन बी चालंल म्हनतील, पर ऐन चिरतो, त्यात पानी मुरतं. आंबा, सावर तर इचारूच नगा. खैर कामाला वंगाळ, पटाशीची धार खातो. पर त्याच्या लाल गाभ्याला वाळवी शिवत न्हाई."

"खैर मुसळाला घ्यावा," मी म्हणालो. "बंगल्यावर मुसळ मांडून ठेवायचं काय?"

आबा हसले नाहीत. त्यांनी शेजारी ठेवलेला वाकस हातात घेतला. वाकस म्हणजे सुताराचं तासायचं हत्यार, कुदळीसारखं आडव्या पात्याचं. हा वाकस आबांच्या आजोबांचा. पातं झिजून अर्धं झालं होतं, पण आजही त्या पात्यासारखं लोखंड मिळत नाही. तो ज्याच्या हातात, तो आमच्या घरचा मिस्त्री. पुढची कामं त्याच्या नावानं येणार, गिऱ्हाईक त्याला हाक मारणार, आणि बाकीचे त्याच्या हाताखाली.

"माजं डोळं चाललं," आबा म्हणाले. "दोघं बी एकेक खुंटी करा. तुझी सागाची, पाव्हण्यांची खैराची. पावसाच्या तोंडाला वाळवीच्या जागी ठोका. खंडेनवमीला उपटू. ज्याची खुंटी टिकंल त्याचं लाकूड, आन् वाकस बी त्याचाच."

ही रीत आमची जुनी होती. नवीन ठिकाणचं लाकूड आलं की आबा त्याची खुंटी गोठ्यामागच्या वारुळाशेजारी ठोकायचे आणि एक पावसाळा जाऊ द्यायचे. पण त्या रीतीत वाकस पहिल्यांदाच पणाला लागला होता. माझा वाकस. तीन पिढ्या तो बापाकडून लेकाकडे गेला होता, जावयाकडे कधी नाही.

मी भुकूमच्या एका शेतकऱ्याच्या बांधावरचा साग विकत घेतला होता, त्यातून खुंटी केली. दाजी घाटाखाली जाऊन आपल्या मोडक्या गोठ्यातल्या मेढीचा, म्हणजे वर दोन फांटे असलेल्या खांबाचा, एक तुकडा घेऊन आले. तो त्यांच्या आज्यानं पुरलेला. जमिनीत गाडलेला भाग बाहेरच्या भागाइतकाच टणक होता. वरून मात्र एक बाजू पांढरट होती, गाभ्याबाहेरच्या कोवळ्या लाकडाची, जे वाळवी आधी खाते. खुंटी तासताना मला तीच बाजू दिसली. मी मनात म्हटलं, इथंच सापडलास.

मृगाला दोन दिवस राहिले आणि दाजींना ताप भरला. हिवताप होता, ते पंधरा दिवस उठले नाहीत. अक्का त्यांच्या उशाशी. आबांना पावसात वाट दिसत नव्हती. खुंट्या ठोकायला उरलो मी एकटा.

आता जे सांगतो ते मी त्यानंतर बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही.

खैराची खुंटी मी वारुळाला अगदी लगटून ठोकली. तेवढ्यावर थांबलो नाही. तिच्याभोवती शेण थापलं, त्यावर भाताचा पेंढा टाकला, कारण शेण आणि पेंढा म्हणजे वाळवीला लग्नाचं जेवण. माझी सागाची खुंटी मी न्हाणीमागं, चुलीची राख ओतायचो त्या ढिगात ठोकली. तिथं खाली कातळ होता आणि वर बापजाद्यांपासूनची राख. तिथं वाळवी मी कधीच पाहिली नव्हती. हात धुतले आणि घरात येऊन सांगितलं, दोन्ही खुंट्या वारुळापाशी ठोकल्या. दाजी तापात कण्हत म्हणाले, "बरं झालं, मेव्हणं. तुमी हाय म्हनून."

हे ऐकून मला लाज वाटली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं.

पावसाळा गेला. लावणी झाली, भात निसवला, धरण भरलं. दाजी बरे झाले आणि कामाला लागले. ते एकदाही गोठ्यामागं खुंट्या बघायला गेले नाहीत, याचा मला राग यायचा. इतका विश्वास कशावर होता त्यांचा, खैरावर की माझ्यावर?

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. करवती, रंधे, पटाश्या, गिरमिट सगळं धुऊन, तेल लावून पाटावर मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची. त्या दिवशी कुठल्याही हत्याराला काम द्यायचं नाही. साधी काडीसुद्धा तासायची नाही. मी याच गोष्टीवर भरवसा ठेवून होतो. एरवी आबांनी खुंटीवर वाकसाचा एक घाव घातला असता आणि आतलं लाकूड काय म्हणतंय ते त्यांना कळलं असतं. त्या दिवशी त्यांच्याकडे नुसते हातच असणार होते.

सकाळीच मी दोन्ही खुंट्या उपटून आणल्या. सागाची खुंटी विहिरीवर दोनदा घासून धुतली. मग दोन्ही आबांच्या मांडीवर ठेवल्या.

खैराची एक बाजू वाळवीनं साफ खाल्ली होती, तीच पांढरट बाजू. खुंटी वेडीवाकडी, बारीक झाली होती, खाचांमध्ये माती भरली होती. सागाची जशी ठोकली तशीच, चौकोनी, कोपरे शाबूत. आबांनी दोन्ही चाचपल्या. खूप वेळ चाचपल्या. सागाची उचलून तोंडाजवळ नेली, खाली ठेवली. खैराची दाजींच्या हातात दिली. दाजींनी ती पाटाच्या कडेवर आपटली. टण्ण आवाज आला, लोखंडासारखा. त्यांनी माझी खुंटी घेतली, बघितली, परत ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"मामा, मी जरा पानी पिऊन येतो," म्हणून ते आत गेले. आबा त्यांच्यामागून हळूहळू भिंत धरत गेले. दोघं माजघरात काहीतरी बोलले. बाहेर पाटापुढे मी बसून होतो, आणि झेंडूची फुलं मोजत होतो.

आबा बाहेर आले. त्यांनी वाकस उचलला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला.

"तुजी खुंटी टिकली. सागाचाच बाक कर."

दाजी मागून म्हणाले, "पांढरं तेवढं काढून टाका, मेव्हणं. गाभाच घ्या. आन् पाय जमिनीत गाडू नगा, दगडावर ठेवा."

मी वाकस छातीशी धरला होता. हरलेल्या माणसाचा सल्ला कोण ऐकतो?

भुकूमचा तो साग माझ्याहूनही तरुण होता, पाणथळ बांधावर भराभर वाढलेला. गाभा मुठीएवढा आणि भोवती चार बोटं पांढरं लाकूड. पांढरं काढलं असतं तर फळ्या अरुंद झाल्या असत्या आणि लाकूडही पुरलं नसतं. पण खरं कारण ते नव्हतं. दाजींनी काढा म्हटलं होतं, म्हणून मी काढलं नाही. तांबूस लाकडाला पिवळसर पांढरी किनार फार देखणी दिसत होती. बाई म्हणाल्या, "अगदी जरीकाठी आहे हो!" मी पायही जमिनीत हातभर गाडले, बाक हलू नये म्हणून. लोखंडी खिळे मारले. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि पुढेमागे बांधायच्या पडवीचं कामही मलाच कबूल केलं. घरी येऊन मी ते मोठ्यानं सांगितलं, दाजींना ऐकू जाईल असं. ते अंगणात एका पाळण्याला छिद्रं पाडत होते. "झ्याक झालं," म्हणाले. त्यांच्या आवाजात मी हेवा शोधला. सापडला नाही, आणि त्यानं मला जास्तच लागलं.

पहिला पावसाळा निभावला. खिळ्यांभोवती काळे डाग पडले, एवढंच. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमाराला, बंगल्यावरून गडी धावत आला. बाई संध्याकाळी बाकावर बसल्या आणि बाकाचा मागचा पाय आतल्या आत खचला. बाई मागे पडल्या. मनगट मोडलं.

मी गेलो. जमिनीत गाडलेला भाग नावालाच उरला होता. वाळवीनं पांढरं लाकूड आतून पोखरून त्याच्या जागी माती भरली होती आणि वरून पातळ सालपट तेवढं ठेवलं होतं. गाभा बऱ्यापैकी शाबूत होता, पण त्या बारक्या गाभ्याला कुणाचं वजन पेलणार? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. डॉक्टर रागावले नाहीत. बाईंचा हात झोळीत होता. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, दिसायला छान होता हो." याहून मारलं असतं तर बरं.

पडवीचं काम गेलं. घरी आलो तो आबा अंथरुणावर. त्या वर्षी ते फारसे उठतच नव्हते. मी त्यांच्यापाशी बसलो आणि म्हणालो, "आबा, खुंटी राखेत ठोकली हुती."

चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं होतं. वाटलं, आता ते शिव्या देतील, वाकस परत मागतील. आबांनी डोळे उघडले नाहीत.

"म्हाईत हाय मला. राखेचा वास आला व्हता. धुवून राख जाती व्हय रं?"

नाक. मी हातांचा विचार केला होता, डोळ्यांचा केला होता, हत्याराच्या धारेचा केला होता. ज्या नाकाचा मी जन्मभर हेवा केला, तेच मी विसरलो होतो.

"मग वाकस मला का दिला?"

दाराशी अक्का उभी होती. ती आत आली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी सांगते. त्या दिशी माजघरात मी हुते. आबा म्हनलं, पाव्हणं, वाकस तुमचा. तर हे म्हनलं, नगा मामा. मेव्हण्याला द्या. त्याला न्हाई दिला तर त्यो घर सोडून जाईल, मला न्हाई दिला तर मी कुटं जानार? व्हय, असं म्हनलं. आन् तू दोन वरीस वाकस मिरवत फिरतुयास."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी लबाडी केली होती, ती पकडली गेली होती, आणि तरीही मी जिंकलो होतो ते त्या माणसाच्या भिकेवर. मला लबाडीनंसुद्धा स्वतःहून जिंकता आलं नव्हतं. त्या क्षणी दाजी समोर असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो की अंगावर धावून गेलो असतो, हे मला आजही सांगता येणार नाही.

ते समोर नव्हते. ते घाटाखाली गेले होते. दोन दिवसांनी बैलगाडी आली तेव्हा गाडीत त्यांच्या मोडक्या गोठ्याच्या उरलेल्या मेढी होत्या. तेवढंच त्यांच्या वाडवडलांचं शिल्लक होतं, आणि ते त्यांनी मुळापासून उपटून आणलं होतं. मला विचारलं नाही, मला सांगितलंही नाही. फक्त एवढंच म्हणाले, "चला मेव्हणं, पाय बदलू."

आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. त्यांनी मेढींचं पांढरं सगळं तासून काढलं, लाल गाभा राहीपर्यंत. काम दिवसभर चाललं. खैरानं दोनदा माझ्या पटाशीची धार घालवली. माझ्या फळ्यांची पांढरी किनारही त्यांनी माझ्याकडूनच काढवून घेतली. फळ्या अरुंद झाल्या, मग दोन फळ्यांत बोटभर फट ठेवली, पाणी थांबू नये म्हणून. खिळे उपटून खैराच्याच खुंट्या मारल्या. पाय सपाट काळ्या दगडांवर ठेवले, जमिनीपासून वर. "आता वाळवी चढलीच तर दगडावर मातीची रेघ दिसंल," दाजी गड्याला सांगत होते. "दिसली की फडक्यानं पुसायची. औषधबिवषध काय बी नगं." वर करंजेल चोळलं, तेही बाईंनी आधी वास घेऊन चालेल म्हटल्यावर.

आबा त्या माघात गेले. वाकसाचं कुणीच नाव काढलं नाही. मी तो एकदा दाजींपुढे ठेवला. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला, म्हणाले, "धार ग्येलीय," दगडावर लावून दिली आणि मला परत दिला. पंचवीस वर्षं ते माझ्या हाताखाली राबले. लोक मला मिस्त्री म्हणायचे, त्यांना मिस्त्रीचे दाजी.

डॉक्टर गेले, बाई गेल्या, बंगला विकला गेला. बाक अजून तिथं आहे. फळ्या करड्या पडल्या आहेत. पाय अजून तसेच आहेत. दाजीही जाऊन बरीच वर्षं झाली.

मी वारुळातून काढलेली ती खैराची खुंटी अक्कानं फेकली नव्हती. दाजींनीच कधीतरी ती आमच्या कामाच्या पडवीत, भिंतीत ठोकली, माझा वाकस टांगायला. आता माझ्याच्यानं तासवत नाही, तरी रोज सकाळी मी वाकस उतरवतो, पुसतो आणि पुन्हा टांगतो. टांगताना दरवेळी हात तिला लागतो, एका बाजूनं वाळवीनं खाल्लेली, वेडीवाकडी. मी ती उपटून दुसरी मारायचं कितीदा ठरवलं. एकदा जोर लावूनही बघितला. निघत नाही.